उगवता चंद्र खरंच मोठा असतो का?

कोजागिरीला असा एक संदेश फिरतो: "आज कोजागिरी! उगवताना चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो, आणि क्षितिजावरची हवा भिंगासारखी त्याला मोठा करते. सोबतचा फोटो पाहा."

आधी अंतर. कोजागिरीला मध्यरात्री चंद्र आपल्या विदर्भात जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी आपण पृथ्वीच्या चंद्राकडच्या तोंडाशी असतो. तो उगवतो तेव्हा मात्र आपण तिच्या कडेला असतो, म्हणजे चंद्रापासून सुमारे ६,४०० किलोमीटर जास्त लांब. एकूण ३,८४,००० किलोमीटरच्या अंतरात हा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून तुरीच्या वावरामागून वर येणारा चंद्र मध्यरात्रीच्या चंद्रापेक्षा किंचित लहानच असतो. चंद्राची कक्षा लंबगोल असल्याने तो खरोखर जवळ-दूर होतो, पण त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. एका रात्रीत तसं होत नाही.

हवेचं म्हणाल, तर ती चंद्राची रुंदी वाढवत नाही. क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाश वाकतो आणि चंद्राची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. त्यामुळे बिंब उभ्यात दबतं. अगदी टेकलेला चंद्र नीट पाहिला तर तो चपटा दिसतो. तांबूसपणा हवेमुळे येतो, मोठेपणा नाही.

संदेशासोबतच्या फोटोत अख्खा कडुनिंब चंद्रापुढे मावलेला दिसतो. तो फोटो खोटा असेलच असं नाही. एक किलोमीटरवरचं नऊ मीटर रुंदीचं झाड आपल्या नजरेत चंद्राएवढीच जागा घेतं. फोटोग्राफर तेवढा मागे सरकून लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपतो, म्हणून अख्खा कडुनिंब चंद्रात मावतो. शंभर मीटरवरून काढला असता, तर त्याच झाडाच्या एका फांदीमागे चंद्र लपला असता.

मग डोळ्यांना तो एवढा का वाटतो? डोळ्यात पडणारी प्रतिमा तेवढीच असते, फुगवतो तो मेंदू. क्षितिजाकडचं आकाश आपल्याला माथ्यावरच्या आकाशापेक्षा दूर वाटतं, आणि दूरची वस्तू तेवढीच दिसली तर ती मोठी असणार, असा हिशेब मेंदू धरतो. अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी या दिशेने मांडणी केली होती. मधली झाडं, घरं, धुरे हा भ्रम वाढवतात, पण मोकळ्या समुद्रावरही तो होतो. त्यामुळे नुसत्या झाडांशी तुलनेचं कारण पुरत नाही, आणि एकच एक स्पष्टीकरण अजून सर्वमान्य झालेलं नाही.

आकार तेवढाच आहे, हे मात्र घरी मोजता येतं. फायलीच्या पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडा. ते साधारण सहा मिलिमीटरचं असतं. हात पूर्ण ताणून, एक डोळा मिटून, त्यातून उगवता चंद्र पाहा. तो भोकात जेमतेम बसतो. आजूबाजूचं वावर कागदाआड गेल्याबरोबर बहुतेकांना तो लहान वाटू लागतो. दूध आटवून झाल्यावर, चंद्र वर आला की तोच कागद तसाच धरा. तेव्हाही भोक तेवढंच भरलेलं असेल.