उजेड पोचतो, गोळा पोचत नाही

"मावशी, सिनेमा मध्येच थांबवून हे खरं का ते खोटं बघत बसलीस, तर मजा काय उरते?"

कोल्हापूरच्या भाच्याचा हा प्रश्न. त्याचं उत्तर मी गेल्या रविवारच्या रात्रीवरूनच देते.

इथे इंग्लंडात स्लाऊला आम्ही 'तान्हाजी' (२०२०) पुन्हा लावला होता. उदयभान कोंढाण्यावर 'नागिन' नावाची अजस्र तोफ चढवतो आणि तिचं तोंड राजगडाकडे करतो. तिथे मी चित्र थांबवलं, फोनवर नकाशा उघडला आणि एका गडावरून दुसऱ्या गडापर्यंत सरळ रेघ ओढली. साधारण पंधरा किलोमीटर भरले. १६७० साली इतक्या लांब गोळा टाकेल अशी तोफ कुणाकडेच नव्हती. म्हणजे नागिन पटकथाकाराची.

आमच्या ह्यांना ते पटलं, पण घोरपड सोडायला ते तयार होईनात. "बखरीत आहे ती. आणि तानाजी पडल्यावरच कोंढाण्याचा सिंहगड झाला, शाळेत शिकलोय आपण." मग पुण्याला बाबांच्या मित्रांना फोन लावला. मोडी वाचण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. काका म्हणाले, "घोरपड पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत दोन निवडक मावळे रात्री कड्यावरून वानरासारखे वर चढतात. आणि सिंहगड हे नाव महाराजांच्या १६६३च्या पत्रातच आहे, लढाईच्या सात वर्षं आधी." महाराजांच्या तोंडचं वाक्यही सभासद वेगळं देतो: एक गड घेतला, परंतु एक गड गेला.

त्या रात्री आम्ही सभासदातला तेवढा भाग काढून वाचला. दीडेक पानाचाच आहे. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करतो. उदयभान आणि तो, दोघेही पडतात. मग भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो. गड हाती आल्याची खूण म्हणून पागेची खोपटी पेटवतात आणि तो उजेड महाराज राजगडावरून बघतात. म्हणजे पुन्हा तेच पंधरा किलोमीटर! तेवढ्या अंतरावर अंधारात आगीचा उजेड दिसतो, तोफेचा गोळा मात्र पोचत नाही. नागिन खोटी निघाली म्हणून मला वाईट वाटलं नाही. कागदावर इतकं चांगलं असताना तोफेची गरज का पडली, याचं मात्र फार वाईट वाटलं.

आपल्याकडे वाद होतात ते वेगळ्याच ठिकाणी. 'छावा'च्या ट्रेलरमधल्या लेझमीवरून जानेवारी २०२५ मध्ये गदारोळ झाला आणि दिग्दर्शकांनी तो प्रसंग काढला. राजांना काय शोभतं, यावर मी इथे बसून तासन्‌तास ऐकलं. कुठल्या प्रसंगाला कागद आहे आणि कुठल्याला नाही, हे क्वचितच कुणी विचारलं. आपल्या माणसाला मोठं करणारी थाप आपण तपासतच नाही, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते, कारण दहा वर्षांनी तीच मुलांच्या भाषणात येते.

इथे फार बरं चाललंय असंही नाही. इथल्या राजघराण्यावरच्या 'द क्राऊन' मालिकेवरून आरडाओरडा झाल्यावर २०२२ मध्ये पाचव्या पर्वाच्या ट्रेलरखाली 'काल्पनिक नाट्यरूपांतर' अशा अर्थाची ओळ आली. त्या ओळीवरून कुठला प्रसंग रचलेला ते कळत नाही. शेजारच्या आजींना मी विचारलं, अशी ओळ पुरे का? त्या मूळच्या वेल्सच्या. त्यांनी ओळीचं सोडून आबरव्हॅनचंच सांगितलं. १९६६ साली कोळशाच्या खाणीचा ढिगारा शाळेवर कोसळला, ११६ मुलं गेली. "राणी आठ दिवसांनी आली, ते खरं. पण मालिकेत ती कोरडेच डोळे पुसते. माझी आई तिथे होती गं. राणीच्या डोळ्यांत पाणी होतं."

आजींच्या आईने पाहिलं होतं, म्हणून त्या इतक्या ठामपणे सांगू शकल्या. आपल्या गोष्टीत असं सांगणारं कुणी उरलेलं नाही. सभासदानेही लिहिलं ते लढाईनंतर पंचवीसेक वर्षांनी, जिंजीला बसून. मी काकांना विचारलं, दोघेही तिथेच पडले, तर डाव्या हाताची ढाल केलेली कुणी पाहिली? काका जरा थांबले. "जवळचा एखादा मावळा असेल," म्हणाले, "नाहीतर सभासदाने ऐकलेलं लिहिलं असेल. मलाही ते नक्की सांगता येत नाही."

भाच्या, मग आम्ही सिनेमा पुढे चालू केला आणि शेवटपर्यंत बघितला. डिसेंबरात आले की तू आणि मी सिंहगडावर जाऊ. हवा स्वच्छ असली तर तिथून राजगड दिसतो.