तारीख कळवली म्हणून ऑडिट वाया जात नाही

"सप्लायरला ऑडिटची तारीख आधी कळवणं म्हणजे सारवासारव करायला वेळ देणं. फरशी पुसली जाते, बोर्ड रंगवले जातात, मागची रजिस्टरं भरली जातात. जायचंच तर न सांगता जा."

असं म्हणणाऱ्यांशी फरशी आणि बोर्डाबद्दल माझा वाद नाही. पण हीट ट्रीटमेंटवाल्याकडे मी फरशी बघायला जात नाही. गिअर कार्बुरायझिंगची, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक करण्याची, एक बॅच भट्टीत कित्येक तास असते आणि जॉबवर्कच्या शॉपमध्ये आपला पार्ट रोज लागत नाही. न सांगता गेलात तर भट्टीत दुसऱ्या कंपनीचा माल असतो आणि मेटलर्जिस्ट बाहेरगावी. म्हणून तीन आठवडे आधी जाणाऱ्या आमच्या पत्रात व्याप्ती अशी असते: "आमचा अमुक गिअर, माल आत येण्यापासून टेम्परिंग, तपासणी आणि डिस्पॅचपर्यंत. दोन दिवस, मंगळवार-बुधवार. पहिल्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला आमची बॅच भट्टीत लागलेली असावी." दुसरी शिफ्ट मुद्दाम, कारण साहेब लोक तेव्हा घरी गेलेले असतात.

रजिस्टरांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर पत्र कसं लिहिता यात आहे. कंट्रोल प्लॅन, प्रक्रियेत कुठे काय बिघडू शकतं याचा तक्ता म्हणजे पीएफएमईए, थर्मोकपलचे कॅलिब्रेशन दाखले आणि भट्टीत तापमान सगळीकडे सारखं राहतं का याचा शेवटचा सर्व्हे आठवडाभर आधी मागवा. बॅचकार्ड आणि भट्टीचे चार्ट मात्र "गेल्या सहा महिन्यांचे जागेवर उपलब्ध ठेवा" एवढंच लिहा. कोणती बॅच बघणार, ते लिहू नका.

बॅचेस निवडायच्या त्या आपल्या इनवर्ड नोंदींतून. एकदा मी असे तीन बॅच नंबर खिशात घेऊन गेलो होतो. तिन्ही बॅचकार्डं स्वच्छ होती, हार्डनेस 60 एचआरसी, शेरा ओके. दुसऱ्या नंबरच्या चार्टवर मात्र 920 अंशांवरची रेघ 840 पर्यंत खाली येऊन पुन्हा चढली होती. वीज गेली होती. सोकचा, म्हणजे त्या तापमानाला माल धरून ठेवण्याचा, वेळ वाढवल्याची नोंद कुठेच नव्हती. जपून ठेवलेला नमुना कापून घेतला. केस डेप्थ, म्हणजे कडक थराची खोली, 0.8 ते 1.2 मिलिमीटर हवी होती, भरली 0.65. पृष्ठभागाच्या हार्डनेसवरून हे कळलंच नसतं. तीन आठवडे हातात असूनही ती रेघ कुणाला खटकली नव्हती, कारण नेमका तोच कागद मी उघडणार हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काम परस्पर दुसऱ्या शॉपला दिलं जातंय असा संशय असेल, तर मीही न सांगता जाईन. मात्र तशी मुभा खरेदी करारात आधीच लिहिलेली हवी; नाहीतर वॉचमन गेटवरच थांबवतो, आणि आतून फोन येईपर्यंत ट्रक मागच्या दाराने निघून गेलेला असतो.