जानवे घालायचे कोणी, आणि घालू द्यायचे कोणी?

“जातिव्यवस्था कधीच बंदिस्त नव्हती. मांस-मद्य सोडले, जानवे घातले, वरच्या वर्णाचे आचार उचलले की कोणतीही जात एक-दोन पिढ्यांत वर चढत असे. समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांनी हेच संस्कृतीकरण म्हणून सिद्ध केले आहे. आचार सुधारला की दर्जा सुधारतो. ज्यांनी तो सुधारला नाही, ते मागे राहिले.”

या दाव्यातले ‘एक-दोन पिढ्यांत’ हे शब्द श्रीनिवासांच्या लेखनाला धरूनच आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. कर्नाटकातील कोडगूच्या कोडवा समाजावरील त्यांचे पुस्तक १९५२ साली प्रसिद्ध झाले. शाकाहार आणि मद्यत्याग स्वीकारून, आपले विधी आणि दैवते संस्कृत परंपरेच्या वळणावर नेऊन खालची जात एक-दोन पिढ्यांत वरचे स्थान मिळवू शकत असे, असे त्यात म्हटले आहे. त्या काळी या विधानाला मोठे मोल होते. चार वर्णांची पोथीतली उतरंड हीच गावातली खरी उतरंड, असा जो समज होता, त्याला त्यामुळे धक्का बसला. प्रत्यक्ष गावात, विशेषतः मधल्या थरात, कोण वर आणि कोण खाली याविषयी सतत वाद चालू असतो, ही गोष्ट त्यांनी नजरेस आणून दिली.

पण श्रीनिवास तिथेच थांबले नाहीत. पुढच्या चौदा वर्षांत त्यांनी स्वतःच ही संकल्पना बरीच दुरुस्त केली. अनुकरण केवळ ब्राह्मणांचे होत नाही. ज्या गावात जमीन आणि सत्ता क्षत्रिय किंवा वैश्य म्हणवणाऱ्या जातीकडे असते, तिथे आदर्श तीच जात ठरते, असे त्यांनी मान्य केले. १९६६ सालच्या मांडणीत त्यांनी आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक म्हणजे संस्कृतीकरणाने फार तर एखाद्या जातीची जागा बदलते, उतरंड जशीच्या तशी राहते. दुसरी म्हणजे संस्कृतीकरण होऊनही जात वर चढत नाही, आणि ते न होताही चढते, असे घडू शकते. या दुसऱ्या वाक्यानंतर ‘आचार सुधारला की दर्जा सुधारतो’ हा नियम श्रीनिवासांच्या नावावर खपवता येत नाही. त्यांनी ज्यांचा अभ्यास केला, त्या कोडवांचेच पाहा. डुकराचे मांस हे त्यांच्या सणासमारंभातले मानाचे अन्न आहे, आणि मद्य त्यांना वर्ज्य नाही. तरीही कोडगूत त्यांचा दर्जा वरचा होता, कारण जमीन त्यांच्या हाती होती आणि शस्त्रे बाळगण्याची परंपराही त्यांची होती.

आता जानव्याकडे वळू. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात सेनापूर नावाचे गाव आहे. विल्यम रो या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या नोनिया जातीचा अभ्यास केला. नोन म्हणजे मीठ. मीठ आणि सोरा काढणे हा नोनियांचा मूळ धंदा होता. ब्रिटिश अमदानीत तो बसला, तेव्हा ते मातीकाम, रस्ते आणि विटा यांच्या कामांकडे वळले, आणि त्यांच्यातल्या काहींनी ठेकेदारीत पैसा मिळवला. १८९८ साली या जातीतल्या पुढाऱ्यांनी संस्था काढली आणि आपण मुळात चौहान रजपूत आहोत, असा दावा मांडला. क्रम लक्षात घ्यावा: आधी धंदा बदलला, मग पैसा आला, त्यानंतर संस्था निघाली आणि वंशाची कथा आली. जानवे त्याच्याही नंतरचे.

१९३६ साली सेनापूरच्या नोनियांनी समारंभपूर्वक, सर्वांनी मिळून जानवी घातली. गावातली जवळजवळ सगळी जमीन ठाकुरांची होती. ठाकुरांनी नोनियांना मारहाण केली, त्यांच्या गळ्यातली जानवी तोडून टाकली आणि साऱ्या जातीवर दंड बसवला. काही वर्षांनी नोनियांनी पुन्हा जानवी घातली. मात्र या वेळी गाजावाजा न करता, ज्याची त्याने, एकेकट्याने. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

या दोन प्रसंगांत सूत तेच होते आणि माणसेही त्याच जातीची होती. आचारात काहीच फरक नव्हता, तरी एकदा मार बसला आणि एकदा कोणी बोलले नाही. त्यामुळे ‘आचार’ हे कारण धरले तर हा फरक उलगडत नाही. तो उलगडायचा तर गावात जमीन कोणाची, नोनियांची रोजीरोटी ठाकुरांवर किती अवलंबून, आणि जानवे घालणे हे गावासमोर दिलेले आव्हान आहे की घरातली खासगी बाब, हे विचारावे लागते. संस्कृतीकरणावरचा पहिला मोठा आक्षेप हाच आहे. ही संकल्पना विधी बदलणाऱ्याकडे पाहते आणि त्याला मान्यता देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या हाताला पुरेसे दिसू देत नाही. आपल्याकडच्या जुन्या म्हणीला ही गोष्ट अधिक नेमकी कळली होती: ‘कुणबी माजला, मराठा झाला.’ म्हणीत तुच्छता आहे, आणि ती मला मुळीच मान्य नाही. पण क्रम तिने बरोबर सांगितला आहे. बरकत आधी आली, नाव नंतर बदलले.

‘कोणतीही जात’ हे शब्द तर वस्तुस्थितीला धरून अजिबात नाहीत. अस्पृश्यतेच्या रेषेपाशी हा मार्ग बंद होत असे, हे श्रीनिवासांनाही मान्य होते. ओडिशातील बिसिपाडा गावाचा एफ. जी. बेली यांनी १९५०च्या दशकात केलेला अभ्यास यासाठी फार उपयोगी आहे, कारण त्यात एकाच गावातल्या दोन जाती शेजारीशेजारी तपासता येतात. दारू गाळणाऱ्या आणि विकणाऱ्या जातीच्या हाती सरकारी धोरणामुळे दारूच्या व्यापारातला पैसा आला. त्यातून तिने जमिनी घेतल्या, राहणी आणि विधी वरच्या जातींसारखे केले, आणि गावाने तिचा वाढलेला दर्जा हळूहळू स्वीकारला. दारूचा पैसा या चढाईला आड आला नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच गावातल्या पाण या अस्पृश्य जातीतल्या काहींनीही पैसा मिळवला आणि आचार बदलले. देवळात प्रवेश मागितला, तेव्हा मात्र गावाने तो नाकारला. शेवटी त्यांनी स्वतःचे वेगळे देऊळ बांधले. दोघांचे प्रयत्न सारखेच होते, पण एका जातीपुढे रेषा सरकली आणि दुसरीपुढे ती तशीच राहिली.

याहून जवळचा दाखला डॉ. आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात दिला आहे. जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावचा एक अस्पृश्य गृहस्थ तीर्थयात्रा करून परतला. धार्मिक कर्तव्य म्हणून त्याने आपल्या जातभाईंना जेवण घातले आणि पदार्थांत तूप वापरले. पंगत बसलेली असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन चालून आले. त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारले. अस्पृश्याने तूप वाढावे आणि त्याच्या पाहुण्यांनी ते खावे, एवढाच तो अपराध होता. तीर्थयात्रा, अन्नदान, तूप: शुद्ध आचार म्हणतात तो याहून वेगळा काय असणार? हे घडले १९३६ साली, म्हणजे सेनापुरात जानवी तुटली त्याच वर्षी. ‘ज्यांनी आचार सुधारला नाही, ते मागे राहिले’ असे लिहिणाऱ्याने त्या पंगतीतल्या एका तरी माणसाला डोळ्यांसमोर आणावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दाव्यात ‘सुधारणे’ हा शब्द फार सहज आला आहे. नेमके काय सुधारत होते, हे बायकांच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेला पाट लावता येत असे. लग्नाच्या मानाने पाटाला प्रतिष्ठा कमी होती, पण बाईला पुन्हा संसार मांडण्याची वाट होती. घराणे वर सरकू लागले की ज्या वाटा आधी बंद होत, त्यांत पाट होता. पाठोपाठ बायकांचे शेतावर जाणे थांबे, पदर आणि पडदा वाढे, मुलींची लग्ने लवकर होऊ लागत. जातीच्या वाढत्या अब्रूची किंमत घरातल्या बाईकडून वसूल केली जात होती.

आंबेडकरांनी हे श्रीनिवासांच्या पुस्तकाच्या छत्तीस वर्षे आधी मांडले होते, आणि आपल्या अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी एकत्र घेतल्या. ज्या जाती ब्राह्मणांना सर्वांत जवळच्या, त्यांनी तिन्ही उचलल्या. थोड्या दूरच्यांनी सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह. आणखी दूरच्यांनी केवळ बालविवाह. आणि सर्वांत दूरच्यांनी फक्त जातीच्या तत्त्वावरचा विश्वास उचलला, असे त्यांचे निरीक्षण आहे. अनुकरण तेच, पण त्यातून आंबेडकरांनी काढलेला निष्कर्ष निराळा आहे. त्यांच्या मते या अनुकरणातूनच जाती बंद होत गेल्या, कारण तिन्ही रूढींचे काम स्त्रीला जातीच्या आत कोंडून ठेवणे हे होते. जी प्रक्रिया जातव्यवस्थेच्या मोकळेपणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते, तीच तिच्या बंदिस्तपणाची यंत्रणा असू शकते. माझ्या मते संस्कृतीकरणावरचा सर्वांत खोल आक्षेप हा आहे.

शेवटचा मुद्दा मांस-मद्य सोडण्याविषयी. असा प्रत्येक त्याग संस्कृतीकरणाच्या खात्यावर टाकता येत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर, त्यांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना अंगावरच्या जातीच्या खुणा टाकून देण्यास सांगितले: लुगडे वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसे अंगभर नेसा, कथलाचे आणि चांदीचे जड दागिने घालू नका. बाहेरून पाहणाऱ्याला हे अनुकरणच वाटेल. पण ज्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, तिथे मनूच्या उतरंडीत वरची पायरी मागितली जात होती, असे म्हणणे कठीण आहे. मृत मांस सोडण्याचा अर्थ गावकीच्या सक्तीतून आणि तिच्यातल्या लाचारीतून बाहेर पडणे हा होता, आणि लुगड्याचा अर्थ दुरून ओळखू येणारी खूण पुसणे हा. आग्र्याच्या जाटव या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा प्रवासही असाच आहे, आणि मानववंशशास्त्रज्ञ ओवेन लिंच यांनी तो १९६९ सालच्या पुस्तकात तपशिलाने मांडला आहे. चामड्याच्या जोड्यांच्या धंद्यातून थोडी ऐपत आल्यावर जाटवांनी आधी क्षत्रियत्वाचा दावा केला. तो मानला जाईना, आणि पुढे मताधिकार व राखीव जागा ही निराळी साधने हाती आली. तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी क्षत्रियत्व सोडून दिले आणि बौद्ध धम्माचा मार्ग धरला.