इंडिफरन्स पॉइंटची ‘दोन मिनिटांची ट्रिक’ नेमकी कुठे फसते

«इंडिफरन्स पॉइंट दोन मिनिटांत! जुनं व्याज दोन्ही पर्यायांत असतं, म्हणून कटतं, सोडून द्या. टॅक्सही दोन्हीकडे असतो, तोही सोडून द्या. फक्त नवीन व्याज आणि शेअर्सची संख्या घ्या. ईबीआयटी त्या आकड्याच्या वर असेल तर डोळे झाकून कर्ज, खाली असेल तर शेअर्स.»

परीक्षा जवळ आली की हा मेसेज हमखास फिरतो. इंडिफरन्स पॉइंट म्हणजे ईबीआयटीची, व्याज आणि कर जाण्याआधीच्या नफ्याची, अशी पातळी जिथे शेअर्स काढा की कर्ज, ईपीएस म्हणजे दर शेअरमागची मिळकत सारखीच पडते. परवा एका विद्यार्थिनीने वही पुढे केली. पानाच्या तळाशी चौकटीत १०.८० लाख, खाली दोन रेघा. पुस्तकातलं उत्तर १२.८० लाख. ‘सर, पुस्तकात छपाईची चूक आहे का?’ पुस्तक बरोबर होतं. तेच गणित इथे घेतो.

कंपनीचे १ लाख शेअर्स आहेत आणि २० लाखांचे १० टक्क्यांचे जुने डिबेंचर्स आहेत, म्हणजे जुनं व्याज २ लाख. आता ३० लाख उभे करायचेत. एक तर ६० रुपयांनी ५० हजार नवे शेअर्स काढायचे, नाही तर १२ टक्क्यांचे डिबेंचर्स, ज्यांचं व्याज ३.६० लाख. कर २५ टक्के धरू.

आता जुनं व्याज. ते दोन्ही बाजूंना असतं हे खरं, पण दोन्ही बाजूंना असलेली प्रत्येक गोष्ट कटत नाही. शेअर्स काढले तर ते २ लाख दीड लाख शेअर्सवर विभागले जातात, कर्ज काढलं तर एकाच लाखावर. छेद वेगळे असताना अंशातला समान आकडा कसा कटेल? समीकरण असं (आकडे लाखांत, ई म्हणजे ईबीआयटी):

(ई − २) ÷ १.५ = (ई − ५.६) ÷ १

इथून ई येतो १२.८० लाख. ताळा करायचा असेल तर दोन्ही बाजूंचं ईपीएस काढा: शेअर्सच्या बाजूला १०.८० लाखांतून कर जाऊन ८.१० लाख, भागिले दीड लाख, म्हणजे ५.४० रुपये. कर्जाच्या बाजूला ७.२० लाखांतून कर जाऊन ५.४० लाख, भागिले एक लाख, पुन्हा ५.४० रुपये. आता मेसेजवाल्याच्या १०.८० लाखांवर हाच ताळा करून बघा. शेअर्सकडे ४.४० येतात, कर्जाकडे ३.९०. पन्नास पैशांचा फरक असेल तर तो इंडिफरन्स पॉइंट नव्हे. हा ताळा दोन ओळींचा आहे आणि तो न केल्यामुळेच चुकीची चौकट वहीत राहते.

गंमत म्हणजे चुकीचं आणि बरोबर उत्तर यांत फरक बरोबर २ लाखांचा, जुन्या व्याजाएवढा. हा योगायोग नाही. ईबीआयटीतून जुनं व्याज आधीच वजा करून उरलेल्याला ‘क्ष’ म्हटलं, की समीकरणात फक्त नवीन व्याज उरतं आणि क्ष येतो १०.८० लाख. म्हणजे ट्रिक अर्धी बरोबर आहे, शेवटी जुनं व्याज परत मिळवायचं एवढंच मेसेजवाला विसरला. घाईत गणित करायचंच असेल तर असं करा: नवीन व्याज गुणिले शेअर्स-पर्यायातले एकूण शेअर्स, भागिले फक्त नवे शेअर्स, अधिक जुनं व्याज. ३.६० × १.५ ÷ ०.५ = १०.८०, अधिक २.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण ५.४० रुपये हा आकडा खूप काही सांगतो. कर्जाचं करोत्तर व्याज २.७० लाख, त्याला ५० हजार नव्या शेअर्सनी भागा: ५.४०. आणि ५.४० हे ६० रुपयांच्या इश्यू किमतीचे ९ टक्के, म्हणजे बारा टक्क्यांतून पंचवीस टक्के कर वजा जाता उरणारा कर्जाचा खर्च. नव्या शेअरमागे सोडून द्यावी लागणारी मिळकत आणि कर्जाचं करोत्तर व्याज जिथे सारखं पडतं, तोच हा बिंदू. शेअर ६० ऐवजी १०० ला विकता आला असता तर ३० हजारच शेअर्स काढावे लागले असते, आणि बिंदू वर सरकून १७.६० लाखांवर गेला असता. सूत्र पाठ करणाऱ्याला हे सहसा दिसत नाही.

कराचं काय? शेअर्स विरुद्ध कर्ज एवढंच असेल तर मेसेज बरोबर आहे, कर खरंच कटतो. दर २५ ऐवजी ३० टक्के केला तरी बिंदू १२.८० लाखच राहतो (ईपीएस मात्र बदलतं). पण प्रश्नात प्रेफरन्स शेअर्स आले की गाडी घसरते. त्यांचा लाभांश कर भरून उरलेल्या नफ्यातून द्यावा लागतो. ३० लाखांचे १२ टक्क्यांचे प्रेफरन्स शेअर्स काढले तर लाभांश तेवढाच, ३.६० लाख, पण तो देण्यासाठी करापूर्वी ४.८० लाख कमवावे लागतात. सूत्रात ४.८० घाला: ४.८० × १.५ ÷ ०.५ = १४.४०, अधिक २, म्हणजे १६.४० लाख. कर सोडून देणाऱ्याला इथेही १२.८० च मिळेल. आणि डिबेंचर्स विरुद्ध प्रेफरन्स असं विचारलं तर बिंदू शोधतच बसू नका; दोन्हीकडे शेअर्स एक लाखच, त्यामुळे आलेखातल्या रेषा समांतर धावतात आणि डिबेंचर्सचं ईपीएस कायम ९० पैशांनी वर राहतं. (जुन्या सोडवलेल्या पेपरांत प्रेफरन्स लाभांशावर लाभांश वितरण कर लावलेला दिसेल. तो १ एप्रिल २०२० पासून गेला, त्यामुळे ती पायरी आता उतरवू नका.)

राहिलं ‘डोळे झाकून कर्ज’. अपेक्षित ईबीआयटी १५ लाख धरा. कर्जाने ईपीएस ७.०५, शेअर्सनी ६.५०. पंचावन्न पैसे जास्त, म्हणून कर्ज? ईबीआयटी वीस टक्क्यांनी पडून १२ लाखांवर आला, तर कर्जाचं ईपीएस ४.८० आणि शेअर्सचं ५.००. बाजी उलटायला पंधरा टक्क्यांहून थोडी कमी घसरणसुद्धा पुरते. ज्या कंपनीची विक्री पावसावर किंवा सणांवर हलते तिला एवढी घसरण एका हंगामात सोसावी लागू शकते.

बाजारालाही हे दिसतं. प्रश्नात बऱ्याचदा दोन पी-ई, म्हणजे शेअरची किंमत ईपीएसच्या किती पट ते, दिलेले असतात, समजा शेअर्स-पर्यायाला १० आणि जास्त कर्जामुळे कर्ज-पर्यायाला ९. मग १५ लाखांवर शेअर्सकडे किंमत ६५ रुपये आणि कर्जाकडे ६३.४५. ईपीएस जास्त, पण किंमत कमी! बाजारभावाचा समान बिंदू वेगळा काढावा लागतो. तो येतो जवळपास १५.८९ लाखांवर. म्हणजे १२.८० ते १५.८९ या पट्ट्यात ईपीएस म्हणतं कर्ज घ्या आणि शेअरची किंमत म्हणते घेऊ नका. दोन पी-ई दिलेल्या प्रश्नात फक्त ईपीएसवर निकाल देणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

शिवाय मुद्दल. ईपीएसच्या सूत्रात व्याज आहे, परतफेड नाही. ते ३० लाख पाच समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे असतील तर दरवर्षी ६ लाख, तेही करोत्तर नफ्यातून. १५ लाखांच्या ईबीआयटीवर कर्ज-पर्यायात तो नफा ७.०५ लाख. उरतात १.०५ लाख आणि घसाऱ्याची रक्कम, त्यातूनच लाभांशही द्यायचा आणि जुने २० लाख मुदतीला फेडायची तजवीजही करायची.