५०% + २०% म्हणजे ७०% नव्हे, मावशी!

«बोर्डावर ‘५०% + २०%’ असेल तर सरळ ७०% कमी झालेच पाहिजेत! काउंटरवर ६०%च कापतात, हा दिवसाढवळ्या दरोडा आहे. भांडा. निदान आधी २०% आणि मग ५०% लावायला सांगा, बिल कमी होतं. ‘५०% + ५०%’ असेल तर वस्तू फुकट, हक्काने मागा. दहा जणांना पाठवा.»

दहातली एक माझी मावशी. शनिवारी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात तिने ४,००० रुपयांची साडी काढली, काउंटरवरच्या पोराने १,६०० चं बिल केलं आणि मावशीने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. तिच्या हिशोबाने १,२०० व्हायला हवे होते. मागे रांग खोळंबलेली. ‘शिकलायस का रे गणित?’ असंही त्याला सुनावून झालं आणि साडी तिथेच टाकून बाईसाहेब कोथरूडला परत. पोराचं गणित बरोबर होतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आधी त्या फुकटच्या वस्तूकडे बघू, कारण अख्खा मेसेज तिथेच उघडा पडतो. टक्क्यांची सरळ बेरीज होत असती तर ‘६०% + ५०%’चा बोर्ड लावणाऱ्याने ४,००० ची साडी बांधून देऊन वर ४०० रुपये मावशीच्या हातावर ठेवायला हवेत. असं दुकान सापडलं तर मला आधी कळवा. घरातलंच बघा. एका पोळीतली अर्धी तुम्ही खाल्लीत, मग उरलेल्यातली अर्धी मी खाल्ली, तर ताटात पाव पोळी राहतेच ना? ‘५०% + ५०%’ला साडीचे १,००० रुपये मोजावेच लागतात.

मावशीच्या बिलातही तेच झालं. पहिल्या सुटीने ४,००० चे २,००० झाले. दुसरी २०% सूट या २,००० वर, म्हणजे ४०० रुपये. राहिले १,६००. मावशी दुसरी सूटही ४,००० वर धरून ८०० मागत होती. बालभारतीच्या आठवीच्या गणितात ‘सूट व कमिशन’ हे प्रकरण आहे. छापील किमतीतून सूट वजा केली की विक्री किंमत, एवढंच तिथलं सूत्र. दोन सुटींना ते दोनदा वापरायचं, आणि दुसऱ्या वेळी छापील किमतीच्या जागी पहिल्या सुटीनंतर उरलेली किंमत घ्यायची. तोंडी करायचं तर दोन्ही टक्के मिळवा आणि त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा करा: ५० आणि २० मिळून ७०, वजा १०, झाले ६०. बिल हातात आलं की उलटही तपासता येतं. १,६०० म्हणजे ४,००० चे ४०%, म्हणजे ६०% सुटले.

ही चूक एवढी पसरते कशी, तर सूट लहान असली की फरक जाणवतच नाही. ‘१०% + ५%’ला खरी सूट साडेचौदा टक्के. ४,००० वर फक्त २० रुपयांचा फरक, त्यासाठी कोण भांडतंय?

आधी २०% लावायचं म्हणता? लावा. ४,००० चे ३,२००, त्याचे निम्मे १,६००. संपलं.

आता मन मारून एक कबूल करते. बोर्ड ‘६०% सूट’ असा न लिहिता ‘५०% + २०%’ असा लिहितात तो तुमच्या डोक्यात सत्तर यावेत म्हणूनच, हा चावटपणा आहे. मात्र बिल ६०% प्रमाणे झालं असेल तर त्याला दरोडा म्हणता येत नाही. दुसरे २०% दोन नग घेतल्यावरच मिळतात, असं खाली बारीक अक्षरात असेल तर मात्र जरूर भांडा.

आणि क्रमाने फरक पडतो, तो एक सूट टक्क्यांत आणि दुसरी रोख रुपयांत असली की. मावशीच्या पर्समध्ये त्याच दुकानाचं ५०० रुपयांचं कुपन होतं, भांडणाच्या नादात ते काढायचंच राहिलं. कुपन आधी वजा केलं तर ३,५०० उरतात, आणि दोन्ही सुटींनंतर बिल १,४००. तेच शेवटी वजा केलं तर १,६०० चे थेट १,१००. क्रम ठरवणं दुकानाच्या हातात असतं, म्हणून कुपनची मागची बाजू वाचली. ‘अंतिम बिलातून वजा’ असं छापलंय.

१,१००, म्हणजे मावशीने मागितले त्यापेक्षाही शंभर कमी. उद्या साडी आणायला मीच जातेय, ती म्हणते, ‘त्या पोराला मी कुठल्या तोंडाने भेटू?’