खुलासा: लोहाची गोळी आणि काळी शौच

फिरणारा मेसेज: "लोहाच्या गोळीने शौच काळी झाली म्हणजे आतड्यात रक्तस्राव. गोळी लगेच बंद करा."

हे चुकीचं आहे. गोळीतलं बरंचसं लोह शोषलं जात नाही; तेच बाहेर पडताना शौच काळपट-हिरवी दिसते. गोळी थांबवली की काही दिवसांत रंग पूर्ववत होतो. मात्र शौच डांबरासारखी चिकट आणि फार दुर्गंधीची असेल, लाल रक्त दिसलं किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाणी किंवा संत्र्याच्या रसासोबत घ्यावी. 'क' जीवनसत्त्वाने शोषण सुधारतं. चहा-कॉफी मात्र आधी एक तास आणि नंतर दोन तास नको, चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी.

मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाली (अनेक जण गोळी सोडतात ते यामुळेच) तर जेवणानंतर घ्या. शोषण थोडं घटतं, पण गोळी चालू राहते. तरीही त्रास झाल्यास दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

हिमोग्लोबिन महिन्याभरात वाढू लागतं. ते नॉर्मल झाल्यावरही शरीरातला लोहाचा साठा भरायला साधारण तीन महिने गोळी लागते.

तो मेसेज पुढे पाठवू नका. कुणाला पाठवला असेल तर हा खुलासाही पाठवा.