तीन टोपणे पाणी

परवा रात्री प्रतापगडच्या सहलीची बॅग भरताना माझ्या बारा वर्षांच्या मुलीने विचारले, "आई, पाळी आली की अंगातलं किती रक्त जातं?" वर्गातल्या एका मैत्रिणीने तिला 'बादलीभर' असे सांगितले होते. बोलता बोलता हेही कळले की, गेले काही महिने निकरवर दिसणारा पांढरट डाग म्हणजे काहीतरी आजार आहे असे समजून ती गप्प राहिली होती. पहिल्या पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी असा स्राव सुरू होतो आणि त्याला खाज किंवा दुर्गंधी नसेल तर त्यात काळजीचे काही नसते. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते, सहलीच्या आदल्या रात्री नव्हे.

खोकल्याच्या औषधाचे दहा मिलीचे टोपण घेऊन मी तीन वेळा पाणी मोजले आणि ते एका पॅडवर ओतले. सगळे पाणी मुरले. बायकांचे चार-पाच दिवसांत मिळून सरासरी रक्त जाते ते एवढेच, फार तर आणखी एक टोपण, असे सांगितल्यावर तिने पॅड दाबून पाहिले आणि मगच विश्वास ठेवला. गर्भाशयात दर महिन्याला आतून एक मऊ अस्तर तयार होते, बाळ राहिले नाही की ते सुटून रक्ताबरोबर बाहेर येते, एवढे कारण तिला पुरले.

तिच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते पुढचे. पहिल्या वेळी लाल रक्तच येईल असे नाही, पुष्कळदा नुसता तपकिरी डाग असतो, म्हणून तो दिसला तरी पॅड लावायचे. मागची पट्टी काढून ते निकरवर चिकटवायचे, पंख खाली दुमडायचे, चार ते सहा तासांनी बदलायचे आणि वापरलेले कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे, संडासात नाही. पहिली एक-दोन वर्षे महिना चुकू शकतो. मात्र तास-दोन तासांत पॅड भिजत राहिले किंवा आठवडा उलटूनही रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जायचे.

"आणि गडावर भवानीच्या देवळात?" तिने विचारले. मला माझ्या आईने चार दिवस बाजूला बसवले होते, त्यामुळे उत्तर देताना मी क्षणभर थांबले, पण "जायचं" असेच म्हणाले.

शेवटची अडचण बसची होती. साताऱ्याहून मेढ्यामार्गे केळघर घाट चढून जायचे आणि सहलीबरोबरचे शिक्षक पुरुष. मी तिला सांगितले की कारण सांगण्याची गरज नाही, एवढेच म्हणायचे, "सर, मला बाथरूमला जायचंय, बस थांबवा." ते वाक्य तिने आधी पुटपुटत आणि नंतर मोठ्याने म्हणून दाखवले, मग तीन पॅड आणि एक जादा निकर बॅगच्या पुढच्या कप्प्यात ठेवून ती झोपली.